तळी गाव होते ज्यांचे

जुलै महिन्यात राधानगरीच्या एसटी स्टँडवर उभं राहून कुणाला ‘थेंबे थेंबे तळे साचे’ म्हणून दाखवा. लोक हसतील. आमच्याकडे पाऊस थेंबांनी येत नाही, भिंतीसारखा येतो. दाजीपूरच्या बाजूला ढग एकदा बसला की आठ-आठ दिवस उठत नाही, आणि तोपर्यंत कपडे, पुस्तकं, मिठाची बरणी, सगळ्याला एकच वास लागतो. तळंही आमच्याकडे लहानसहान नाही. भोगावतीवरच्या धरणामागे साचलेल्या पाण्याला लक्ष्मी तलाव म्हणतात, आणि ते भरलं की 8.36 टीएमसी पाणी होतं. तेव्हा या म्हणीचं आमच्या गावाशी थोडं विनोदी नातं आहे, हे आधीच मान्य करतो.

तरीही गेल्या वर्षी मी याच म्हणीवर एक कविता लिहिली. आठ ओळींची. लिहायला चार महिने लागले, त्यातले साडेतीन महिने चुकीच्या वाटेने गेले असं नाही म्हणणार, पण लांबच्या वाटेने नक्की गेले. म्हण कवितेत घेऊन ती वाकवायची, म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या वाटेवर कळत गेलं. ते लिहून ठेवतोय.

आधी म्हणीची अक्षरं मोजा. थें-बे-थें-बे-त-ळे-सा-चे. आठ. ज्यांनी शाळेत अभंगाचा छंद शिकून विसरून टाकला आहे त्यांच्यासाठी सांगतो: अभंगाचा एक लहान प्रकार आहे, त्यात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि शेवटी यमक जुळतं. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, फक्त अक्षरं मोजायची. म्हणजे ही म्हण त्या अभंगाचा तयार पहिला चरण आहे. पुढचा आठ अक्षरांचा चरण रिकामा आहे, आणि त्याच्या शेवटी ‘चे’ यायला हवं.

ही गंमत एकाच म्हणीची नाही. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ घ्या. सहा आणि सहा. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार असे चार चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. म्हणजे इथेही निम्मी ओवी आयती मिळाली, निम्मी आपण भरायची. पूर्वी हे मी असंच बसल्याबसल्या भरलं होतं:

नाचता येईना
अंगण वाकडे
मोजाया तिकडे
गेले कोण?

हे मी गमतीत केलं होतं, पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण आमच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर अंगण खरोखर वाकडं असतं. घर उताराला बांधलेलं, अंगणाचं एक टोक कमरेएवढं खाली. पावसाळ्यात तिथे नाचायचं सोडा, चालतानाही पायाची बोटं रुतवावी लागतात. ही म्हण ज्याने पहिल्यांदा म्हटली त्याचं अंगण सपाट असणार. म्हण न नाचणाऱ्याला खोटं ठरवते, पण अंगण बघायला जात नाही. तिला जायची गरजच पडत नाही, कारण वाक्य संपलेलं असतं आणि ऐकणारे हसलेले असतात.

म्हणीची ताकद इथे आहे असं मला वाटतं. ती वाद घालत नाही, ती वाद संपवते. घरात कुणी मोठ्याने म्हण टाकली की बोलणं तिथेच थांबतं. आणि तिचा कुणी एक लेखक नसतो. अत्र्यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’मध्ये कवींची विडंबनं केली, तेव्हा समोर माणसं होती, त्यांच्या लकबी होत्या, चिमटा कुणाला बसला हे कळत होतं. पाडगावकरांनी ‘दासबोध’ला पुढे एक ‘उ’ लावून ‘उदासबोध’ केला, तिथेही मूळ ग्रंथ, मूळ कर्ता ठाऊक. म्हणीला असं कुणी नाही. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’त हजारो म्हणी सापडतात, पण एकीच्याही मालकाचं नाव सापडायचं नाही. म्हण वाकवायची म्हणजे भांडायचं कुणाशी, तर सगळ्यांशी. त्या सगळ्यांत आपली आजीही आली.

माझ्या बाबतीत आजीच आली.

आमचं मूळ गाव धरणाखाली गेलं. राधानगरी तालुक्यात मोठी धरणं तीन: भोगावतीवरचं राधानगरी, दूधगंगेवरचं काळम्मावाडी आणि धामोडचं तुळशी. त्यातल्या एकात आमचं गाव आहे, एवढं पुरे. आता आम्ही वसाहतीत राहतो. वसाहत म्हणजे सरळ रस्ते, एकसारखे प्लॉट, आणि चाळीस वर्षं झाली तरी आसपासच्या गावांच्या तोंडी ‘ते धरणवाले’. गेल्या वर्षी वसाहतीतल्या बायकांच्या बचत गटाची बैठक आमच्या सोप्यात होती. पंधरा बायका, महिन्याला शंभर रुपये. वर्षाचे अठरा हजार होतात, त्यातून आळीपाळीने कर्ज घेतात. हिशेब बघायला बाहेरून एक बाई आल्या होत्या, चांगल्या होत्या, हसून बोलत होत्या. कुणीतरी म्हणालं, शंभरानं काय होतंय. तर त्या लगेच म्हणाल्या, ‘असं कसं? थेंबे थेंबे तळे साचे!’

आजी भिंतीला टेकून बसली होती. ती कुणालाच न बघता म्हणाली, ‘आमचं गाव तळ्यातच हाय की बाई. आनि किती साचवायचं?’

दोन-तीन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हिशेबाच्या बाई ओशाळल्या. मग चहा आला आणि विषय बदलला. मी दाराशी मोबाईल घेऊन उभा होतो, आणि मला पहिल्यांदा ती म्हण ऐकू आली. त्याआधी शेकडो वेळा कानावरून गेली होती.

त्या रात्री मी लिहायला बसलो, आणि पहिली ओळ सहज सुचली: ‘थेंबे थेंबे तळे आटे.’ आठ अक्षरं, चोख. म्हण उलटी केली. वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचली तर ती मला एखाद्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेली दिसायला लागली. ‘पाणी वाचवा’च्या खाली. खरंच, का नाही रंगवणार? हीसुद्धा एक म्हणच आहे. थोडंथोडं सांडलं की मोठा साठा संपतो. शहाणपणाचा चेहरा तोच, फक्त तोंड दुसरीकडे. म्हण उलटवली की प्रश्न पडत नाही, दुसरी म्हण तयार होते. आणि मराठीत अशा उलट्यासुलट्या जोड्या आधीच भरपूर आहेत, मी त्यात एकीची भर कशाला घालू? तेव्हापासून मी एक कसोटी धरली आहे. वाकवलेली ओळ शाळेच्या भिंतीवर शोभून दिसत असेल तर ती वाकलेली नाही.

मग दुसरा प्रकार केला, जो सगळेच करतात. म्हणीतला एक शब्द काढून आजचा शब्द घालायचा. ‘थेंबे थेंबे कर्ज साचे.’ हेही आठ. फोनवर पाठवली असती तर दहा-वीस हसरे चेहरे नक्की आले असते. पण जरा थांबून बघा, या ओळीत म्हणीला कुठे धक्का लागला? लागलाच नाही. थोडंथोडं साचून मोठं होतं, हे म्हणीचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं धरलं आहे. फक्त साचणारी वस्तू बदलली. उलट म्हणीला आणखी एक पुरावा मिळाला. आपल्याला वाटतं आपण म्हणीची टर उडवली, प्रत्यक्षात तिची सही घेऊन पुढे गेलेलो असतो. वर्तमानपत्रातल्या चारोळ्यांमध्ये, निवडणुकीच्या दिवसांतल्या फलकांवर हे सर्रास दिसतं. वाईट काही नाही त्यात. पण आजीने केलं ते हे नव्हतं.

आजीने काय केलं होतं? तिने म्हणीतला एकही शब्द बदलला नव्हता. म्हण नाकारलीही नव्हती. तळं साचतं, हे तिला पूर्ण मान्य होतं. तिने फक्त ‘तळं’ या शब्दाला खरं मानलं. बचतीच्या गोष्टीत तळं हे उदाहरण असतं, कुणी त्यात पाय घालून बघत नाही. तिने बघितला. आणि पायाला घर लागलं.

म्हणून मग मी म्हण नुसती समोर ठेवून तिच्याकडे व्याकरणाच्या बाईंसारखं बघायला लागलो. ‘साचे’ हे क्रियापद बघा. बोलताना आपण आता ‘साचतं’ म्हणतो. ‘साचे’ हे जुनं रूप आहे, त्याला तारीख नाही. काल साचलं की उद्या साचेल, कळत नाही. नेहमीच साचतं असं ते म्हणतं. आणि त्याला कर्ताही नको, तळं आपलं आपणच साचतं. हेच वाक्य रोजच्या बोलीत भूतकाळात घालून बघा: ‘थेंबाथेंबानं तळं साचलं.’ लगेच ती बातमी होते, आणि बातमीला विचारता येतं. कधी साचलं? कुठे? कुणाच्या जागेत? म्हणीला हे विचारता येत नाही कारण तिच्या क्रियापदाने दार लावून घेतलेलं असतं.

आता राधानगरीत उभं राहून विचार करा. या डोंगरांवर थेंब हजारो वर्षं पडत होते. तळं काही साचत नव्हतं. पाणी भोगावतीतून निघून जायचं, पुढे प्रयाग चिखलीला पंचगंगा व्हायचं आणि तिथून कृष्णेला. तळं साचलं ते भिंत घातल्यावर. ती भिंत घालायचं शाहू महाराजांनी मनावर घेतलं, काम सुरू झालं, पैसे अपुरे पडले, काम रखडलं. 1922 साली महाराज गेले तेव्हाही धरण पुरं झालेलं नव्हतं, ते पुढे कित्येक वर्षांनी झालं. म्हणजे आमच्या तालुक्याचा अनुभव विचाराल तर तळं साचवायला थेंब सगळ्यात कमी महत्त्वाचे. दगड, चुना, पैसा, राजाचा हुकूम, मजूर, आणि साचायला खाली रिकामी केलेली जमीन. म्हणीने यातलं सगळं वगळून फक्त थेंब ठेवले. थेंबाचं कौतुक करायला काहीच खर्च येत नाही.

हे सापडल्यावर मला वाटलं कविता आता हातात आली. नाही आली. कारण यातलं बरंच काही मी ओळींमध्ये घालायला गेलो. विशेषतः धरणाचे दरवाजे. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे दर सेकंदाला साधारण 40 हजार लिटर. पावसाळ्यात पाच दरवाजे उघडले, सहा उघडले, हा आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पुढे पाठवला जाणारा मेसेज असेल. इकडे दरवाजा उघडला की तिकडे कोल्हापुरात लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतात. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 साली ती 55 फुटांच्या वर गेली होती. तेव्हा मला वाटलं, केवढी मोठी गोष्ट आहे ही! म्हण म्हणते तळं साचलं की झालं, गोष्ट सुखाने संपली. आमच्याकडे तळं साचलं की खालच्या गावांची गोष्ट सुरू होते. मी लिहिलं:

थेंबे थेंबे तळे साचे
सात दारे वाट वाचे

‘वाट वाचे’ला काही अर्थ आहे का? नाही. यमकासाठी ओढून आणलेला शब्द आहे, आणि मोठ्याने वाचलं की ऐकणारा तिथे अडखळतो. पण त्याहून मोठी अडचण अशी की ही ओळ समजायला सात दरवाजे माहीत असावे लागतात. कोल्हापूरच्या माणसाला कळेल, परभणीच्या मित्राला तळटीप द्यावी लागेल. म्हण सगळ्यांच्या मालकीची असते. तिच्याशी भांडताना स्थानिक माहितीची काठी घेतली तर भांडण आपल्याच गल्लीत राहतं. पुराची कविता वेगळी लिहायला हवी, आणि ती अभंगात मावेल असं मला वाटत नाही.

दरवाजे सोडून दिले. मग एका संध्याकाळी नुसता ‘तळे’ हा शब्द घोळवत होतो. तळे, तळ्याचे, तळ्यात, तळी. आणि लक्षात आलं की ‘तळी’ म्हणजे अनेक तळी, आणि ‘तळी’ म्हणजे तळाशीसुद्धा. म्हणीच्याच शब्दातून खाली उतरायचा रस्ता होता. पुढची ओळ मला आठवते त्याप्रमाणे एका दमात आली:

थेंबे थेंबे तळे साचे
तळी गाव होते ज्यांचे

त-ळी-गा-व-हो-ते-ज्यां-चे. आठ.

या ओळीत मला सगळ्यात आवडतो तो ‘ज्यांचे’. मराठीत ‘ज्यांचे’ आलं की कान ‘त्यांचे’ची वाट बघतो. ज्यांचे गाव होते, त्यांचे काय? ते वाक्यात नाही. म्हण पूर्ण वाक्य आहे, घट्ट, टाळा लावलेलं. तिला जोडलेली ओळ अर्धवट आहे. आणि जोडल्यामुळे म्हणही अर्धवट झाली. प्रश्नचिन्ह नाही, आरोप नाही, तरी वाक्य उघडं पडलंय. एका मित्राने शेवटी प्रश्नचिन्ह टाकायला सांगितलं होतं. मी नाही टाकलं. प्रश्नचिन्ह टाकलं की वाचणाऱ्याला वाटतं, विचारून झालं.

पुढे काय, यावर मात्र बरेच दिवस गेले. साहजिक मोह होता ‘त्यांचे’ लिहायचा. लिहिलंही:

त्यांच्या हाती थेंब किती
कोरडीच नवी माती

खरं आहे हे. बदली मिळालेली जमीन माळाची होती, धरणाचं पाणी कालव्याने आमच्या वसाहतीच्या पलीकडून जायचं, आणि एका कार्यालयात आजोबांच्या चपला झिजल्या. त्यातलं काहीच खोटं नाही. पण या दोन ओळी आल्या आणि वरच्या दोन मेल्या. ‘ज्यांचे’ला ‘त्यांच्या’ मिळालं, वाक्य पुरं झालं, कविता अर्ज झाली. अर्ज वाईट नसतो, आजोबांनी पन्नास तरी लिहिले असतील आणि त्यातले दोन-तीन उपयोगीही पडले. पण अर्जाचं उत्तर देता येतं. कुणीतरी म्हणेल, पुनर्वसनाचा कायदा आहे, 1976 साली झाला, 1986 साली सुधारून झाला, 1999 साली पुन्हा झाला. बरोबर आहे. म्हणीला त्यातून काहीच विचारलं जात नाही. माझं भांडण कार्यालयाशी असतं तर मी अर्जच लिहिला असता. माझं भांडण त्या हसऱ्या बाईंच्या तोंडून आलेल्या वाक्याशी होतं, जे त्यांचंही नव्हतं.

तेव्हा तक्रार काढली, आणि नुसतं दिसतं ते ठेवलं. मे महिन्यात धरणाचं पाणी खूप उतरतं. वसाहतीतली माणसं तेव्हा काठाला जातात. सहल म्हणून नाही आणि श्राद्ध म्हणूनही नाही, मधलंच काहीतरी. चिखलाला भेगा पडलेल्या असतात, त्यात दगडी जोती दिसायला लागतात. विटा-माती केव्हाच विरघळून गेली, जोती राहिली. आजी काठावर बसून बोटाने दाखवते. पूर्ण कविता अशी झाली:

थेंबे थेंबे तळे साचे
तळी गाव होते ज्यांचे

उन्हाळ्यात पाणी जाते
जोते आधी वर येते

आजी मोजी बोटांवर
गोठा, चूल, माजघर

मग पुन्हा मिरगाचे
थेंबे थेंबे तळे साचे

शेवटची ओळ म्हणजे म्हणच आहे, जशीच्या तशी. एका अक्षराचाही फरक नाही. पण पहिल्यांदा ती आली तेव्हा बचतीची होती आणि दुसऱ्यांदा येते तेव्हा जोत्यावर पाणी चढत असतं. वाकवायचं ते म्हणीला नाही, तिच्या शेजारच्या जमिनीला, असं मला या चार महिन्यांनंतर वाटतं. शब्द तेच ठेवून ऐकणाऱ्याला दुसऱ्या जागी उभं करायचं. शब्द बदलला असता तर ऐकणारा म्हणाला असता, हा, ही तुझी म्हण, आमची वेगळी आहे. इथे त्याला तसं म्हणता येत नाही. त्याचीच म्हण आहे.

हे मला मंचावर जास्त कळलं. तालुक्यात एका वाचनालयाच्या कार्यक्रमात ही कविता वाचली. मी ‘थेंबे थेंबे’ म्हणालो आणि सवयीने जरा थांबलो, तर समोरून पंचवीस-तीस जण एका सुरात म्हणाले, ‘तळे साचे!’ शाळेतल्यासारखं. म्हण अशी असते, अर्धी सोडली की लोक पुरी करतात, त्यांना राहवत नाही. मी दुसरी ओळ वाचली तेव्हा म्हण माझ्या तोंडची राहिली नव्हती, त्यांची झाली होती. शेवटी पुन्हा ‘थेंबे थेंबे’ला थांबलो. या वेळी दोन-तीनच आवाज आले, तेही अर्ध्यावर बंद पडले. ती ओळ मग मीच पुरी केली. त्यानंतर दोन ठिकाणी वाचली तेव्हाही जवळपास असंच झालं. मात्र पुण्यात चुलत भावाच्या मुलांना वाचून दाखवली तर काहीच झालं नाही. त्यांना ही म्हण पाठ नव्हती. त्यांच्या लेखी पहिली ओळ पाण्याबद्दलची एक साधी ओळ होती, छान होती म्हणाली. जी म्हण कुणी म्हणत नाही ती वाकवता येत नाही. तिच्या विरोधातली कवितासुद्धा तिच्या जिवावर जगते.

आणखी एक मर्यादा आहे, ती सांगितली नाही तर बेइमानी होईल. बचत गटाच्या बाबतीत म्हण खोटी नाही. त्याच गटाच्या कर्जातून आजीने म्हैस घेतली, दूध डेअरीला घालून कर्ज फेडलं, आता दुसरी म्हैस आहे. शंभर-शंभर रुपयांनीच हे झालं. आजी दर महिन्याला पैसे भरते, एकदाही चुकवत नाही, आणि नातवंडांना पैसे साठवायला सांगताना तीच म्हण वापरते. मी तिला विचारलं, आज्जी, तू तर त्या दिवशी बाईंना तसं म्हणालीस. ती म्हणाली, ‘म्हन खरीच हाय रं. पर कुनी कुनाला म्हनायची, त्याला काय रीत हाय का न्हाई?’ म्हणीबद्दल मी वर एवढी पानं लिहिली त्यात हा मुद्दा नाही, आणि त्याहून नेमका मुद्दा मला सापडलेलाही नाही. म्हण सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे असते. आजी आजीला म्हणते तेव्हा ती धीर देते. तीच म्हण कोरड्या पायांचा माणूस ओल्या पायांच्या माणसाला सांगतो तेव्हा ती गप्प बसवते.

कविता आजीला वाचून दाखवायला मी बराच काळ टाळाटाळ केली. शेवटी दाखवली, तर तिने ‘ज्यांचे’ला काही म्हटलं नाही, माजघराला मान हलवली, आणि दुसऱ्या कडव्यावर थांबवलं.

‘जोतं आधी वर येतं म्हंतोस, ते कुनाचं?’

म्हटलं, घराचं. आपलं.

‘आपलं कुठलं? आधी येतंय ते वरच्या आळीचं. पाटलाचं, त्याच्या भावाचं. ते उंचाला व्हते. आपलं घर वढ्याला, पार खाली. लई पानी आटलं त्या साली एकदाच बघितलं म्या. त्यापरीस न्हाई.’

मी वहीत बघितलं. ‘जोते आधी वर येते.’ ओळ तशीच ठेवली आहे. ‘आधी’ हा शब्द मी आठ अक्षरं भरायला घातला होता.